क्षार, आम्लारी आणि एक शुद्धिपत्रक

आमच्या घरात विनंती नावाचा प्रकार नव्हता. मागणी होती. वडील पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला, आणि तिथल्या कामगारांची पत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. माझ्या पाठ्यपुस्तकांना कव्हरं असायची तीही उरलेल्या पत्रकांची, त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकावर ‘आता माघार नाही’ आणि गणिताच्या पुस्तकावर ‘या अन्यायाचा हिशेब द्या’ असं छापलेलं असायचं. गणिताच्या बाईंना ते कधी आवडलं नाही.

हे सांगायचं कारण, नववी संपली त्या सुट्टीत मी माझं पहिलं पत्रक काढलं आणि ते एका वस्तुनिष्ठ चाचणीच्या उत्तरसूचीविरुद्ध होतं.

नेरूळच्या आमच्या क्लासमध्ये दहावीच्या दोन बॅचा पडणार होत्या. पहिली सकाळी सातला, दुसरी संध्याकाळी पाचला. कोण कुठे, हे एका उजळणी चाचणीवर ठरणार होतं: ‘आम्ल, आम्लारी, क्षार आणि सामू’, वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. सामू म्हणजे पीएच. पुस्तकात तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं की हा कुणाचातरी काका असावा. अठरा किंवा जास्त गुण मिळाले की सकाळची बॅच, नाहीतर संध्याकाळची.

बाकीच्यांना यात एवढंच होतं की सकाळची बॅच मिळाली तर घरी मान. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं तसं नव्हतं. ती सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. संध्याकाळी तिची आई मच्छी विकायला बसायची आणि ती आईच्या शेजारी, कोळंबी सोलायला आणि गिऱ्हाईक सांभाळायला. पाचची बॅच मिळाली तर क्लास सोडायचा, हे तिच्या घरात ठरलेलं होतं. तिने ते मला वडापाव खाता खाता सांगितलं होतं, जणू काही बस बदलायची आहे.

चाचणी सोपी होती. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. शुद्ध पाण्याचा सामू सात, म्हणजे उदासीन. सामू तीनचं द्रावण सामू पाचच्या द्रावणापेक्षा किती पट आम्लधर्मी, यावर निम्मा वर्ग दुप्पट म्हणाला आणि गडगडला. खरं उत्तर शंभर पट, कारण सामूची प्रत्येक पायरी दहा पटींची असते. मैत्रिणीने शंभर लिहिलं होतं. मीही.

मग पेपर अदलाबदल करून सरांनी उत्तरसूची वाचायला घेतली. सर म्हणजे क्लासचे मालक, साताऱ्याकडचे, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले पेशंटही उत्तरं तपासत असावेत. पाचवा प्रश्न होता, आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की काय तयार होतं. सर वाचून गेले, ‘लवण आणि पाणी.’ आमच्या पर्यायांत लवण नव्हतंच. ‘क्षार आणि पाणी’ होतं. तेच असणार असं धरून सगळ्यांनी बरोबरची खूण केली.

अकरावा प्रश्न: लाल लिटमस कागद निळा करणारा पदार्थ कोणता? अ, आम्ल. ब, आम्लारी. क, क्षार. ड, साखर. आम्ही दोघींनी ब लिहिलं होतं. सर म्हणाले, ‘क्षार. पुढे.’

मला अठरा पडले. तिला सतरा. अकराव्याचा एक गुण मिळाला असता तर अठरा.

तिने पेपर उलटा करून ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “क्षार मंजे मीठ ना गो? माजा आजा जनमभर मिठागरात होता. मिठाच्या पान्यानं लिटमस निला होत असंल तर त्याचे पाय बी निले झाले असते.”

मी हात वर केला. सर म्हणाले, उत्तरसूची अंतिम. मी म्हटलं, सर, पुस्तकात आम्लारी आहे. सर म्हणाले, पुस्तक घरी वाचायचं असतं. यावर वर्ग हसला, आणि मी तिथल्या तिथे लढा पुकारला. मनातल्या मनात, पण पुकारला.

शोध लागला तो जिन्यात. त्याच क्लासमध्ये हिंदी माध्यमाचीही एक बॅच होती, आणि तिथली एक मुलगी आमच्यासारखाच पेपर हातात घेऊन उतरत होती. तेच वीस प्रश्न. मी तिला अकराव्याचं विचारलं. ती म्हणाली, क्षार, उसमें क्या है. आणि मीठ? ‘वो तो लवण.’

मी जिन्यातच बसले. मराठीत आपण ज्याला आम्लारी म्हणतो, त्याला तिकडे क्षार किंवा क्षारक म्हणतात. आणि आपला क्षार तिकडे लवण होतो. म्हणजे प्रश्न मराठीत आणले, पर्याय मराठीत आणले, पण उत्तरसूची हिंदी बॅचचीच वाचली. तिकडचा क्षार सरळ आमच्या क्षारावर येऊन बसला. पाचव्या प्रश्नातलं लवण कुठून आलं तेही कळलं. एकच शब्द, दोन भाषांत दोन वेगळ्या पक्षांत. मला इतका आनंद झाला की अन्याय झालाय हे दोन मिनिटं विसरले.

घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा: ‘उत्तरसूचीच्या मनमानीचा जाहीर निषेध’. त्यात मी दाखवलं की अकराव्याचं उत्तर खरं मानलं तर पाचव्या प्रश्नात आम्लारीपासून पुन्हा आम्लारीच तयार होते आणि रसायनशास्त्र घरी जायला निघतं. मग पत्रकाला शेवट हवा म्हणून ठोकून दिलं: ‘क्षार लिटमसचा रंग कधीच बदलत नाही. कधीच नाही.’ ‘कधीच’, ‘मुळीच’, ‘यापुढे’ हे शब्द आमच्या घरी फुकट मिळायचे.

वीस झेरॉक्स काढल्या. एक पाण्याच्या कूलरवर चिकटवली. एक हजेरीच्या रजिस्टरात. उरलेल्या वाटल्या. आणि एक घडी करून सरांच्या चपलेत घातली, कारण ते चप्पल दाराबाहेर काढत आणि त्यांनी ते पत्रक सगळ्यांत शेवटी, एकट्याने वाचावं अशी माझी इच्छा होती.

मैत्रीण चिडली. तिच्यासाठी लढतेय हे तिला आवडलं नव्हतं. मला विचारलंस का, म्हणाली. नव्हतं विचारलं. जनतेला विचारून कुणी पत्रक काढतं का, असं मी म्हटलं. ‘मी जनता नाय,’ ती म्हणाली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते हातात पत्रक, लिटमस पट्ट्यांची छोटी वही, दोन ग्लास पाणी आणि सफाईच्या मावशींचा धुण्याच्या सोड्याचा डबा घेऊन. पत्रकावर लाल पेनाने खूप खुणा होत्या. शुद्धलेखनाच्याही.

एका ग्लासात त्यांनी चमचाभर सोडा ढवळला. मला उभं केलं आणि विचारलं की सोडिअम कार्बोनेट काय आहे, आम्ल, आम्लारी की क्षार. मी खालच्या आवाजात म्हटलं, क्षार. त्यांनी लाल लिटमसची पट्टी बुडवली. ती निळी झाली. अगदी सावकाश, मजा घेत, त्यांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली आणि माझं शेवटचं वाक्य दोन्ही ‘कधीच’सकट वाचलं.

“काय गं, पत्रकवाली? हा कधीच आता कुठे ठेवायचा?”

पुस्तकात याचं उत्तर होतंच. काही क्षारांची द्रावणं आम्लारीधर्मी असतात, नवसागराचं आम्लधर्मी, साध्या मिठाचं उदासीन. मी वाचलं होतं. पण पत्रक लिहिताना कुणाला पुस्तक आठवतं?

सर म्हणाले, म्हणजे उत्तरसूची बरोबर. चिडलेले नव्हते, उलट खूश होते. खडू उचलून ते पुढच्या धड्याकडे वळणार, तेवढ्यात माझी मैत्रीण उभी राहिली. तिने सरांच्या जेवणाच्या डब्याकडे बोट केलं. रोज ते काकडी आणत आणि सोबत कागदात मिठाची पुडी. ते मीठ दुसऱ्या ग्लासात टाकायची परवानगी तिने मागितली. सरांनी मान हलवली. तिने मीठ ढवळलं, लाल पट्टी बुडवली. लालच राहिली.

“सर, सोड्यानं झाली, मिठानं नाय झाली. दोनी क्षार हायत. मंजे क कवा बरोबर, कवा चूक. पान्यात विरघलनारी आम्लारी कंची बी घ्या, निलीच होनार. मी ब लिवलाय.”

एवढं बोलून ती बसली नाही. उभी राहिली. तिला गुण हवा होता आणि ते तिने लपवलं नाही.

सरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग खिशातून उत्तरसूची काढून वरपासून वाचली. पाचव्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं. ‘लवण,’ ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांना कळलं हे मला कळलं.

पण मालक तो मालक. त्यांनी निर्णय दिला की अकराव्याला ब आणि क दोन्ही ग्राह्य. मी ताडकन उठले. क ग्राह्य कसा? हे तत्त्वाचं उत्तरसूचीपुढे लोटांगण झालं. मी तोंड उघडणार तोच मैत्रिणीने बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि तो काढला नाही. सर म्हणाले की एक अट आहे, माझ्या पत्रकातल्या चुकीचं शुद्धिपत्रक मी कूलरवर लावायचं. तोवर हिचे सतराच.

त्या दुपारी मी कागदाकडे पाहत बसले. चूक माझी होती, हे खरं. तरीही क ग्राह्य धरणाऱ्या माणसाच्या अटीवर ती कबूल करायची? मैत्रीण समोर बसून चणे खात होती. म्हणाली, तुला लढायचा असंल तर तुज्या अठरातला एक मला दे, मग खुशाल लढ.

मी लिहिलं: ‘मागील पत्रकाच्या शेवटी “क्षार” ऐवजी “साध्या मिठासारखे क्षार” असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहे. उत्तरसूचीबद्दल नाही.’ शेवटचं वाक्य सरांनी खोडलं नाही. लाल पेनाने त्याखाली फक्त एक रेघ मारली, ती कशासाठी ते मला आजही माहीत नाही.

वडिलांनी ते शुद्धिपत्रक दोनदा वाचलं. आमच्या घरातून असला कागद याआधी कधी बाहेर पडला नव्हता. मग त्यांनी विचारलं, त्या मुलीला बॅच मिळाली ना?

मिळाली. पहिल्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी मी पोहोचले तेव्हा ती पुढच्या बाकावर होती. तिच्या हाताला कोळंबीचा वास येत होता, आणि मी उशिरा आल्याबद्दल ती मला शिव्या देत होती.