पिवळ्या फितीची पोर

रोह्याच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना साहेबांनी सांगितलं, काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी. ज्याला त्याला तसंच शिकवा. पेणला आमच्या शाळेत लगेच मुलांच्या खिशांना फिती लागल्या. डोळेवाल्यांना हिरव्या, कानवाल्यांना पिवळ्या.

चौथीच्या वर्गात मी रायगडचा नकाशा लावला, तर पिवळ्या फितीची एक पोर खिडकीबाहेर बघत बसली.

“इकडं बघ की गो.”

“मी कानवाली हाय, बाई. मला नकाशा जमायचा नाय.”

माझं डोकंच सणकलं. सगळ्यांच्या फिती काढून मी कपाटात कोंबल्या. पेण, कासू, रोहा ही गावं सगळ्या मुलांना बोट ठेवून दाखवली आणि बोलूनही सांगितली. नकाशा बघावाच लागतो आणि कविता ऐकावीच लागते, मूल कोणतंही असो.

पुढच्या प्रशिक्षणात मी साहेबांना विचारलं, “कानवाल्याला ऐकवूनच शिकवलं तर जास्त येतं, याला पुरावा काय? हे तपासणाऱ्या संशोधकांना तसा फरक सापडलेला नाही, असं मी वाचलंय.”

“मुलांची आवड असते ना, बाई.”

“आवड असेल. त्यानं जास्त येतं का?”

साहेब हसले. त्यांनी दिवे बंद केले आणि ते आम्हा सगळ्या शिक्षकांना एकाच पडद्यावर पुढचं चित्र दाखवून समजावायला लागले.