भैय्याजींच्या बोअरचं गोड पाणी

भैय्याजींनी आयुष्यभर एसटीत लोकांची तिकिटं तपासली. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणं, घरी आलेल्या जावयाच्या गाडीचं किलोमीटर वाचणं, शेजारच्या लग्नपत्रिकेतला मुहूर्त पंचांगाशी ताडून पाहणं, ही त्यांची रोजची कामं. नागपूरच्या रिंग रोडपलीकडच्या त्यांच्या लेआउटमध्ये, त्या नव्या वसाहतीत, कुणाची सून कोणत्या पिशवीत काय घेऊन आली हे तिच्या सासूच्या आधी भैय्याजींना ठाऊक असे.

सगळ्या जगात त्यांनी फक्त एका गोष्टीवर कधी संशय घेतला नाही. ती म्हणजे अंगणातली त्यांची बोअर.

दहा वर्षांपूर्वी सीताबर्डीची भाड्याची खोली सोडून इथं घर बांधलं, तेव्हा हातावर नारळ उभा करून त्यांनी पाण्याची जागा पाहिली आणि चांगली खोल बोअर मारली. पुढे लेआउटमध्ये महापालिकेचा नळ आला. सगळ्यांनी घेतला. भैय्याजी म्हणाले, "त्यात जंतू मारायची पावडर टाकून राहिले ते लोक. आपल्याले नाही पाहिजे." वर काळजी अशी, की घरातल्या लेकरांना बोअरचं पाणीसुद्धा रटरटून उकळून द्यायचे.

तर अशा घरात नऊ वर्षांच्या अदितीच्या नव्या दातांवर पट्टे आले. उगवले तेव्हा खडूसारखे पांढरे होते, बघता बघता तपकिरी झाले. पोरगी हसताना तोंडावर हात ठेवू लागली. आता तिकीट तपासणाऱ्या माणसासमोर कुणी तोंड झाकलं, की संपलंच!

नागपुरात तपकिरी दात म्हटले की खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. आणि फाटकासमोरच दुर्गेशचा पानठेला.

भैय्याजी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड उभे राहून ठेल्यावर नजर ठेवू लागले. अदितीचं दप्तर हुंगून झालं. शाळेतून आली की दारातच हुकूम सुटे, "अदिती, आ कर."

"आजोबा, मी काही नाही खाल्लं."

"जो खाते तो हेच म्हणते. आ कर!"

रविवारी त्यांनी ठेल्यावर जाऊन दुर्गेशला चार लोकांत धरलं. "काहून गा, माझ्या नातीले खर्रा देतोस? ठेला उठवतो की नाही पाहा तुझा."

दुर्गेशच्या हातातली सुपारी तिथंच थांबली. "भैय्याजी, माझ्या घरी तीन वर्षांची पिंकी आहे. मी लेकराले खर्रा देईन? तुमची अदिती येते ती पाणी प्यायले. नळाचं थंड पाणी आवडते तिले."

"हे पाहा, कबूल झाला! येते म्हणाला!" भैय्याजी चौघांकडे वळून म्हणाले.

सून नंदिनी मात्र या रोजच्या झडतीला कंटाळली. तिनं आजोबा-नात दोघांना रामदासपेठेत दातांच्या डॉक्टर चिन्मयींकडे नेलं. डॉक्टरांनी अदितीच्या ओठाखाली आरसा धरला, दात कोरडे केले आणि निरखून पाहिले.

"हा खर्रा नाही. खर्र्याचा डाग वरून बसतो, तो खरवडून निघतो. हे पट्टे दाताच्या आतच आहेत, आणि डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारखे. दात हिरडीत तयार होत होते तेव्हाच पडलेत. लहानपणापासून ही कोणतं पाणी पिते?"

"आमच्या बोअरचं. उकळून," भैय्याजी अभिमानानं म्हणाले.

"पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागं राहतं. उलट थोडं दाटच होतं. घरात आणखी कुणी मूल आहे?"

"हिचा मोठा भाऊ, पुष्कर," नंदिनी म्हणाली. "त्याचे दात स्वच्छ आहेत. इथं आलो तेव्हा तो आठ वर्षांचा होता."

"मग बरोबर. त्याचे पुढचे दात तोवर बनून झाले होते. पाणी तपासून घ्या."

फ्लोराइड हा शब्द कानी पडताच भैय्याजींना आठवलं, की तो टूथपेस्टच्या डब्यावरही असतो. "म्हणजे पेस्टच चोर! आजच फेकतो."

"फेकू नका," डॉक्टर हसल्या. "थोडं फ्लोराइड दाताची राखण करतं, कीड लागू देत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची आणि थुंकायची. घात झालाय तो रोज पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडनं. आता हे डाग घासून जाणार नाहीत, मोठी झाली की झाकता येतील."

पायऱ्या उतरताना भैय्याजी सुनेच्या कानाशी लागले. "या डॉक्टरणीचं पाण्याची मशीन विकणाऱ्याशी काहीतरी आहे. लॅबही त्यांचीच असंल. बोअरचं नाव पाहिलं की खराबच सांगतील." आणि मग त्यांच्या डोक्यात जी शक्कल आली, ती फक्त त्यांच्याच डोक्यात येऊ शकते.

त्यांनी एक बाटली बोअरवर भरली. दुसरी दुर्गेशच्या नळावर, त्याच्या देखत भरली. पण सदरच्या लॅबमध्ये देताना नावं उलटी सांगितली. बोअरच्या बाटलीवर दुर्गेशचा नळ, नळाच्या बाटलीवर स्वतःची बोअर. आता लबाडांनी बोअरला नावं ठेवली की पकडलेच!

लॅबमधून फोन आला त्या संध्याकाळी भैय्याजींनी साक्षीदार म्हणून दुर्गेशला अंगणात बोलावून ठेवलं होतं. पिंकीही बापामागं आली होती. फोन स्पीकरवर.

"तुमच्या बोअरचं पाणी चांगलं आहे काका," लॅबमधली मुलगी सांगत होती. "फ्लोराइड अगदी कमी. पण तो दुर्गेश यांचा नळ... लिटरमागं तीन मिलिग्रॅमच्या वर आहे. एकपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर दीड. हे लहान मुलांना अजिबात देऊ नका."

फोन ठेवला गेला. लॅब खोटं बोलली नव्हती. खोटी होती फक्त बाटल्यांवरची नावं, तीही त्यांच्याच हातची.

दुर्गेशचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे माझ्याच नळानं तुमच्या पोरीचे दात गेले. तुम्ही म्हणत होते ते खरंच निघालं भैय्याजी, चीज वेगळी, पण ठेला माझाच. मी इथून हलवतो तो." मग एकदम त्याला पिंकी आठवली. "आणि ही? हिचे पक्के दात तर आत्ताच बनून राहिले असतील! आख्खा लेआउट हेच पिऊन राहिला. भैय्याजी, उद्यापासून दोन गुंड भरून पाणी तुमच्या बोअरचं द्या. पाया पडतो."

नंदिनी घरात वळली सुद्धा. माठातलं पाणी पेल्यात घेऊन आली आणि पिंकीपुढे धरलं. "घे वं बाई, आमचं चांगलं निघालं म्हणते."

गप्प बसले असते तर भैय्याजींची अब्रू शाबूत होती. लेआउट रांग लावून त्यांच्या बोअरवर आला असता. पिंकीनं पेला दोन्ही हातांनी धरला. तिचे दुधाचे दात पांढरेशुभ्र, आणि त्यांच्यामागं हिरडीत ते दुसरे, अजून कुणी न पाहिलेले.

"नको पिऊ!" भैय्याजी इतक्या जोरात ओरडले की पोरीनं पेला सोडला. पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

"बाबा?" नंदिनी दचकली.

"बाटल्या मी बदलल्या. नावं उलटी दिली. खराब पाणी माझं आहे गा दुर्गेश. नळ तुझा चांगला आहे."

दुर्गेशनं पिंकीला उचलून खांद्यावर घेतलं.

"चार लोकांत बोलले होते तुम्ही," तो म्हणाला. "हेही चार लोकांतच सांगा."

"उद्या सकाळी ठेल्यावर सांगतो. आज मात्र..." भैय्याजी धोतराचा ओला सोगा पिळत म्हणाले. "आज मात्र अदितीसाठी एक गुंड नळाचं पाणी देशील काय?"

"देतो. पावडर टाकलेलं आहे बरं," दुर्गेश म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.

दारात अदिती उभी होती. सगळं ऐकलेलं. तोंडावरचा हात तिनं काढला, पट्ट्यांसकट दात दिसू दिले आणि पुढे येऊन आजोबांच्या समोर उभी राहिली.

"आजोबा, आता तुम्ही आ करा."

भैय्याजी ओल्या धोतरानिशी ओट्यावर बसले आणि त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.