उठल्यावर ऐकायचा मेसेज

भूतखेत, संकेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही असं म्हणायचंय, पण जमत नाही. मी धारला राहते. घर, नोकरी, लग्नकार्यं, सगळं याद्या करून चालवणारी बाई. जे घडलं तेवढंच सांगते.

माझी मैत्रीण वासंती देवासला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे, कायमची नाइट. घरी ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. वाढदिवसाला रात्री बारा वाजता ही वॉर्डात, मोबाईल लॉकरमध्ये. सकाळी घरी येऊन झोपावं, तर नातेवाईक फोन करकरून उठवतात. जरा जाग येते तोवर पुन्हा डबा भरायची वेळ.

"मेरा बर्थडे तो नींद में ही निकल जाता है गं," ती म्हणायची.

म्हणून मीच पद्धत घालून दिली. आपल्यात दिवस सूर्योदयापासून धरतात, तेव्हा रात्री बाराला काही नाही. फोन तर नाहीच. सकाळी एक व्हॉइस मेसेज – तो तिने तसाच ठेवायचा आणि झोप झाल्यावर, चहा घेताना ऐकायचा. कितीतरी वर्षं हे छान चाललं.

गेल्या वर्षी मी स्वयंपाकघरात उभी राहून बोलले, "वासंती, जगाचा दिवस कलायला लागला की तुझा उजाडतो. तर आत्ता शुभेच्छा घे. आईंकडून ओवाळून घे, मगच ड्यूटीला जा."

"झालं भाषण?" शेजारी चहा पीत बसलेले हे म्हणाले.

तिकडे सकाळची नर्स आलीच नाही. "वासंती, दोपहर तक रुक जा," इनचार्ज म्हणाल्या. तिने लॉकर उघडून घरी फोन लावला. आईंनी उचलला नाही – पूजेत असतील, असं तिला वाटलं. माझा मेसेज दिसला, तो ठरल्याप्रमाणे उठल्यावर ऐकायचा म्हणून ठेवला. दुपारी घरी पोचली तर आई देवघरापाशी पडलेल्या. गेलेल्या. सकाळीच आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेरावं झाल्यावर तिचा फोन आला.

"तुला कसं कळलं? आणि कळलं होतं, तर वॉर्डच्या लँडलाइनवर का नाही केलास? नंबर है ना तेरे पास!"

मला काहीच समजेना. तिच्या सांगण्यावरून मी माझ्या मोबाईलवर तो मेसेज लावला. "मगच ड्यूटीला जा" नंतर जरा शांतता... आणि मग, "वासंती, आज थांबू नकोस. आई पडल्यात."

ह्यांनी कप खाली ठेवला. "हे तू बोलली नव्हतीस."

त्यांनी तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिचीच बाजू घेणार."

मग मला विचारलं, "आवाज तुझाच आहे ना?"

माझाच आहे. मी तेव्हा "हो" म्हणाले, तिने फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. यंदाचा वाढदिवसही तसाच गेला. ते वाक्य कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. आणि सांगता आलं, तरी ती ऐकणार नाही.