अण्णांच्या निरोपाचं भाषण

भाषण चार मिनिटांचं होतं. ते मी घड्याळ लावून बसवलं होतं, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो. त्यातला एकच शब्द माझा नव्हता.

मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात मी डिस्पॅचला क्लार्क होतो. दिवसा खोकी मोजायची आणि संध्याकाळी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मिशा लावायच्या, असं माझं दुहेरी आयुष्य होतं. टीव्ही नुकताच रंगीत झाला होता, पण आमच्या कँटीनमध्ये करमणुकीला अजून मीच पुरायचो. जनरल मॅनेजरची चाल, पर्सोनेल ऑफिसरचा खोकला, युनियनच्या सेक्रेटरीचं 'बंधूंनो', सगळं माझ्या पोतडीत असायचं.

आमच्या टाइम ऑफिसचे अण्णा त्या वर्षी रिटायर होणार होते. अण्णा म्हणजे कारखान्याचे टाइमकीपर. गेटजवळच्या खोलीत बसायचे. तिथल्या घड्याळात आम्ही कार्ड पंच करायचो आणि अण्णा चष्म्याच्या वरून बघायचे. बोलायचे कमी. उशीर झाला तर एवढंच म्हणायचे, "घड्याळ बरोबर आहे रे." माणूस वितळून जायचा.

कारखान्यात निरोपाची एक रीत होती. साहेब साहेबांसारखं बोलायचे, पण कामगारांच्या वतीनं बोलायचा मान शेजारच्या टेबलाचा. ज्यानं रोज त्या माणसाच्या डब्याचा वास घेतला, त्यानंच त्याच्याबद्दल बोलावं. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. अण्णांच्या शेजारचं टेबल असिस्टंट टाइमकीपरचं, आणि तो माझा दोस्त. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो, तो आधी पॅकिंगला होता. रोजचा चहा आमचा एकत्र, आणि माझ्या प्रत्येक नाटकाला तो पहिल्या रांगेत.

समारंभाच्या आठवड्यात तो जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचला आला आणि चार फुलस्केप कागद माझ्यासमोर टाकले.

"वाच आणि सांग, कसं झालंय."

"वाचायचं कशाला? तू बोल. उभा राहून."

तो खोक्यांच्या मधे उभा राहिला, घसा साफ केला आणि सुरू झाला, "आदरणीय व्यासपीठ, आज आपल्या प्रदीर्घ, निष्कलंक व कर्तव्यदक्ष सेवेतून नियत वयोमानानुसार निवृत्त होत असलेले आपणा सर्वांचे अण्णा यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी कधीही भरून न निघणारी असून…"

"थांब, थांब. रिटायर होतायत की गेले?"

"काय रे, असंच बोलतात."

"आणि पोकळी कसली भरून निघत नाही? सोमवारी त्याच खुर्चीत तू बसणार आहेस ना?"

तो हसला. "वाट लागली म्हणजे. तूच कर यार काहीतरी."

मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्याचं भाषण दुरुस्त करायला मिळणं म्हणजे कपडे न बदलता नाटक करायला मिळणं. चार दिवस आम्ही सुट्टीत डिस्पॅचच्या मागे बसलो. तो बोलायचा आणि मी डोळे मिटून ऐकायचो. जिथे त्याचा श्वास संपायचा तिथे मी वाक्य तोडायचो. 'व' काढून 'आणि' घातला, कारण बोलताना कुणी 'व' म्हणत नाही. 'सदर', 'उपरोक्त', 'होत असून' हे सगळे सरकारी पाहुणे हाकलले. विशेषणं अकरा होती, ती सगळी गेली. 'त्यांनी' होतं तिथे 'अण्णा, तुम्ही' केलं.

"समोर खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल 'त्यांनी' काय म्हणतोस? त्यांच्याशी बोल. बाकीचे ऐकतील."

वापरलेल्या पंच कार्डांच्या कोऱ्या बाजूवर मी मोठ्या अक्षरात सगळं उतरवलं. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास घे. दोन रेघा म्हणजे अण्णांकडे बघ. हशा आला तर थांब, पण हशाची वाट बघत उभा राहू नकोस. शेवटाला आशीर्वाद नाही, शुभेच्छा नाहीत, दीर्घायुष्य नाही. शेवटचं वाक्य फक्त, "अण्णा, सोमवारी उशिरा उठा."

"झकास!" तो म्हणाला. पण पुन्हा सगळं बोलून झाल्यावर तोच खट्टू झाला. "गुळगुळीत झालंय रे. पण आत काही नाही."

खरं होतं. विशेषणं काढली की तिथे एखादी घडलेली गोष्ट लागते, आणि त्याच्याजवळ गोष्ट नव्हती. टाइम ऑफिसात आल्यापासून आठ वर्षं शेजारी बसून त्याला अण्णांचं 'घड्याळ बरोबर आहे' एवढंच माहीत. गोष्ट माझ्याजवळ होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मी, ज्याच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही असं लोक म्हणायचे!

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, मी नोकरीला लागलो त्याला चारच महिने झाले होते. कामगारांच्या तारा गेटवर यायच्या आणि अण्णा त्या फोडून वाचायचे, कारण निम्म्या लोकांना इंग्रजी वाचता येत नसे. एके दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, उशिरा येण्याबद्दल झाडणार. त्यांनी स्वतःचा डबा उघडून पुढे सरकवला. तांदळाची भाकरी आणि सुकट. "जेव पहिलं," म्हणाले. साहेबलोकांत ज्याला भाव असतो त्यालाच अण्णा डबा देतात, असं काहीतरी मनात आलं आणि मी फुललो. खाता खाता मी त्यांना जनरल मॅनेजरची नक्कल करून दाखवली. अण्णा हसले. मी आणखी दोन नकला केल्या, त्यांनाही हसले. डबा संपला, हात धुतले, तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून तार काढली. माझे वडील गेले होते. रजेचा अर्ज भरून तयार होता, फक्त सही करायची होती. ठाण्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत ते माझ्याबरोबर आले. "आता रात्रभर गाडीत तुला कोण जेव म्हणणार होतं?" एवढंच म्हणाले.

मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत. वडील गेलेले असताना मी नकला केल्या, ही गोष्ट तोंडातून बाहेर काढणं मला जमत नव्हतं. गंभीर व्हायची माझी रीतच नव्हती. आता अण्णा चालले होते, आणि आभार तर पोचायला हवे होते. मला वाटलं, भाषणातून पोचतील.

मी ती गोष्ट दोस्ताला सांगितली. मग मी कार्डावर लिहिली, नकलांसकट.

"माझं नाव घ्यायचं नाही. 'नवीन लागलेल्या एका पोराला' असं म्हण. अण्णा ओळखतील, बाकी कुणाला कळायची गरज नाही."

"शप्पथ," तो म्हणाला.

शनिवारी कँटीनमध्ये टेबलं एकाला एक जोडून स्टेज केलं. अण्णा हार घालून बसले, शेजारी त्यांची बायको, नव्या पातळात, हात मांडीवर घट्ट. शाल झाली, श्रीफळ झालं, मॅनेजमेंटकडून भिंतीवरचं घड्याळ झालं. माणसाला तीस वर्षं घड्याळापुढे बसवून निरोपाला पुन्हा घड्याळ! माझ्या जिभेवर सतरा विनोद आले, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. मी मागे, बटाटेवड्यांच्या परातीजवळ उभा होतो. तिथून अण्णांचा चेहरा समोर दिसत होता.

दोस्त उठला. काय बोलला! जिथे श्वास सांगितला तिथे श्वास, जिथे बघायला सांगितलं तिथे बघणं. पहिला हशा आला, तो थांबला. मी मनात टाळी दिली. मग तारेची गोष्ट आली.

"अण्णा, मी नवीन लागलो होतो. तुम्ही मला टाइम ऑफिसात बोलावलंत. मला म्हणालात, जेव पहिलं."

मला वाटलं, घाबरून चुकला. पण पुढे 'माझे वडील' आलं. 'मी नकला करत होतो' आलं. या माणसाला आयुष्यात कधी एक नक्कल करता आली नव्हती! पण कँटीनमध्ये बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. अण्णांनी चष्मा काढला. दोन रेघा आल्या, आणि त्यानं अण्णांकडे बघितलं. अण्णाही त्याच्याकडेच बघत होते. माझ्याकडे एकदाही नाही.

"सोमवारी उशिरा उठा"वर टाळ्या थांबेनात.

वडे वाटताना मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "कार्डं दे."

त्यानं दिली. 'नवीन लागलेल्या एका पोराला' यावर पट्टी धरून मारल्यासारखी सरळ काट होती आणि वर त्याच्या अक्षरात 'मला'. पुढेही तसंच, एकही जागा सुटली नव्हती.

"तू कालच केलंस हे."

"अरे, तूच म्हणालास ना, परकं बोलू नकोस, समोरच्याशी बोल. 'एका पोराला' म्हटलं की थंड पडत होतं. घरी चार वेळा बोलून बघितलं. माझेही वडील तेव्हाच गेलेत की. खोटं ते काय? आणि बघितलंस ना, लोक रडले!"

"ती माझी गोष्ट होती."

"तुझ्याकडे ढीग आहे यार. एक मला दिलीस तर काय बिघडलं? माझ्याकडे कोण बघतं एरवी?"

मी कार्डं खिशात घातली. जनरल मॅनेजर येऊन त्याचा हात हातात घेऊन 'वेरी टचिंग' म्हणाले आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

रिटायर झालेल्या माणसाला घरापर्यंत सोडायचं, हीही आमची रीत. संध्याकाळी आम्ही दहाबारा जण अण्णांच्या चाळीपर्यंत चालत गेलो. सगळे पेढा घेऊन परतले. घड्याळाचं खोकं माझ्या हातात होतं म्हणून मी थांबलो. मी ठरवलं होतं, खोकं ठेवायचं आणि सांगून टाकायचं. अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, हार अजून गळ्यात.

"छान बोलला ना तो?" ते म्हणाले.

"हो अण्णा."

"तीस वर्षांत किती तारा दिल्या लोकांना, सगळ्या कुठे लक्षात राहतात? पण ती एक आठवत होती. तो पोरगा जेवता जेवता नकला करत होता, आणि मला हसायला लागत होतं. खिशात तार. फार जड गेलं बघ." पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "गंमत सांगू? इतकी वर्षं मी समजत होतो, तो तू होतास. वय झालं रे."

आतून त्यांची बायको म्हणाली, "चांगलं लक्षात ठेवलं हो त्या मुलानं. एवढ्या लोकांत म्हणून दाखवलं."

"तेच तर," अण्णा म्हणाले. "कुणी कधी बोललं नाही. मला वाटायचं, त्याला राग आला असेल. आधी सांगितलं नाही म्हणून."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. छोटं, तोडून ठेवलेलं, 'अण्णा, तुम्ही'नं सुरू होणारं. पण ते बोललो असतो तर त्यांच्या हातात काय उरलं असतं? ज्यानं सगळ्यांसमोर आभार मानले तो खोटा, आणि ज्यानं मानायचे तो इतकी वर्षं गप्प. हार घातलेल्या माणसाला मी हे कसं देणार होतो?

"तोच होता अण्णा," मी म्हणालो. "मला त्यानं मागेच सांगितलं होतं. राग नव्हता आला त्याला."

"नव्हता ना?"

"छे हो. भाकरी अजून आठवते म्हणतो."

अण्णा खुश झाले. बायकोला म्हणाले, रविवारी त्याला जेवायला बोलवू या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही ये."

मी खोकं आत ठेवलं आणि निघालो.