तक्रार अर्जावरचा ‘मार्फत’

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, धुळ्याच्या एका डाळ कारखान्यात माझ्या हातून मराठीची अब्रू राखली गेली, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझी स्वतःची गेली.

मी जळगावचा. भाषांतरं करतो, आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची हौस त्याहून मोठी. कारखान्याची कर्मचारी आचारसंहिता मराठीत करायची होती. कंपनीच्या मॅडम अंतर्गत समितीच्या अध्यक्षा होत्या. लैंगिक छळाच्या तक्रारी याच समितीकडे जातात. तक्रारीच्या कलमात त्यांनी मला एक शब्द इकडचा तिकडे करू दिला नाही. "‘लवकरात लवकर’ नको. ‘घटनेच्या दिनांकापासून तीन महिन्यांच्या आत’ लिहा. ‘कार्यालयात’ नको. ‘समितीच्या कोणत्याही सदस्याकडे थेट’ लिहा." मी लिहिलं. अचूक लिहिलं.

छपाईआधी मसुदा कामगार बायकांना समजतो का, हे पाहायला आम्ही पॅकिंगच्या शेडमध्ये बसलो. मी नाटकातल्या राजासारखा आवाज लावला. शेवटी नमुना अर्ज आला. तो मूळ इंग्रजीत नव्हता, मी आपल्या पदरचा घातला होता. "प्रति, अध्यक्षा, अंतर्गत समिती. मार्फत, विभागप्रमुख..."

आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा मार्फत जातो. त्याशिवाय कागद मला उघडा वाटतो. हात सवयीने चालला होता.

मागून एक बाई उठली. "दादा, हे बरोबर शे. मी बी तसाच दिला. मार्फत."

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"घडलं त्याच दिवशी. अडीच महिने झाले."

"समितीकडे तर एकही अर्ज नाही."

बाईने दाराशी उभ्या असलेल्या विभागप्रमुखाकडे पाहिलं. "यांच्याबद्दलच व्हता ना. यांच्याच हातात दिला."

मी हातातल्या कागदावरचा ‘मार्फत’ पुन्हा वाचला. पाचशे प्रती छापल्या असत्या, तर प्रत्येक बाईने आपली तक्रार त्याच माणसाच्या हाती नेऊन दिली असती, आणि तीही माझ्या सुरेख मराठीत.

"काय घडलं ते इथे सांगू नका, ताई," मॅडम म्हणाल्या. "आत चला. तुम्ही सांगा, मी लिहून घ्यायला मदत करते. तीन महिन्यांतले अजून पंधरा दिवस हातात आहेत." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तो मार्फत खोडा."

मी खोडला. कागद फाटेस्तोवर खोडला.

मॅडम दाराशी विभागप्रमुखासमोर थांबल्या. "आणि भाऊ, यांचा तो अर्ज कुठे आहे?"

विभागप्रमुख एरवी ऑफिसची मराठी बोलायचा. ती त्या क्षणी त्याला सोडून गेली, उरली घरची अहिराणी. सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला,

"मी काय फाडी टाका का? कुलूपमा ठेयेल शे ना!"