पुण्याचा ओंडका, बारामतीची फळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वरकुटे गावातल्या एका लग्नातलं कपाट ज्यांच्या लाकडामुळं वाकलं म्हणून मी बोंब मारली, त्यांची एक फळीसुद्धा त्या कपाटात नव्हती.

नव्वदच्या दशकात इंदापुरात, स्टँडच्या मागं, माझं फर्निचरचं छोटं दुकान होतं. सागवान बारामतीच्या एका वखारीतून यायचं. मालकांना सगळे तात्या म्हणत. चिरून, वर्षभर सावलीत वाळवलेल्या फळ्या, ठरल्या दिवशी दारात पोच, पैसे दीड महिन्यानं. दर तेवढा चढा, आणि मला तोच खुपायचा.

ऐन लग्नसराईत पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं घनफुटाला तिसऱ्या हिश्श्यानं कमी दर सांगितला. मी हुरळलो, रोख मोजून मोकळा झालो. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो दर ओंडक्याचा होता, फळीचा नव्हे! ट्रकभाडं माझं, हमाली माझी, जकात माझी, चिराई माझी. साल, कडेचं पांढरं लाकूड आणि भुसा वजा जाता निम्म्याच फळ्या हाती लागल्या. सगळं धरून बघितलं तर माल तात्यांच्यापेक्षा महाग पडलेला. तोही आला उशिरा. वरकुट्याचं लग्न तोंडावर, वाळवायचं कधी? ओल्या लाकडाचंच कपाट ठोकलं, पॉलिश मारून पाठवून दिलं.

वैशाखात दारं पिळवटली. नवरीचे वडील दुकानात येऊन कडाडले, "पोरीच्या सासरी शोभा झाली माझी! लाकूड हाय का काकडी?"

चार गिऱ्हाइकं बघत होती. मी म्हणालो, "आबा, माझा काय दोष? बारामतीच्या तात्यांनी ओला माल गळ्यात मारला."

बातमी बारामतीला पोचायला कितीसा वेळ लागतो! तात्या एसटीनं आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वरकुट्याला जाऊन कपाट बघून आलोय. माझी एक तरी फळी हाय का त्यात? व्हय का न्हाय, एवढंच बोल."

मी पॉलिशचा बोळा घासत राहिलो.

"पुण्याचा ओंडका लई सस्त पडला न्हवं? लाकूड देईन तुला. पर हितनं पुढं रोख, आन् गाडी तुझी."

उधारी गेली, दारात पोच गेली. वर मीच संतापलो. म्हाताऱ्याला माज आलाय, असं ज्याला त्याला सांगत सुटलो. माझं ऐकून इंदापुरातल्या दोन सुतारांनी त्यांची वखार सोडली. तात्यांनी मात्र माझी लबाडी कुणापुढं उघडी केली नाही. त्याचाही राग यायचा मला! काय बेशरम माणूस होतो मी.

कपाट मी नंतर फुकट बदलून दिलं, तात्यांच्याच फळ्यांचं, रोखीनं आणलेल्या. कशाचं ते आबांना सांगितलं नाही.

तात्या आता नाहीत. वखार त्यांचा मुलगा चालवतो. आबा अजून आहेत. त्यांच्या ओसरीवर, चार माणसांत, तात्यांच्या मुलासमोर मला म्हणायचंय की ओलं लाकूड मी आणलं होतं. एवढं देणं माझ्यावर आहे.