भाच्याच्या कादंबरीतली मामी इंग्रजीत कशी गेली

माझी बायको गेल्या पावसाळ्यात गेली. घरात सुना-नातवंडं आहेत, जेवणखाण वेळेवर होतं, तक्रार काही नाही. पण ती गेल्यापासून घरात कोणी माझ्याशी भांडत नाही, आणि ते मला सहन होत नाही. तिचं भांडण पुस्तकात छापलेलं आहे, मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा. इंग्रजीत कसं गेलं ते सांगतो. मी चार बुकं शिकलेलो माणूस. लिहिण्यात चुका निघतील, त्या ज्याच्या त्याने काढाव्या.

आम्ही बाळकूमचे. तेव्हा तिथे शेतं होती, खाडीकडे मिठागरं होती आणि मी मिठागरावर कामाला होतो. माझ्या बहिणीचा मुलगा लहानपणी आमच्याकडेच वाढला. पुढे तो मॅट्रिक झाला, कल्याणला कचेरीत कारकून लागला आणि त्याने एक कादंबरी लिहिली. मिठागरावरच्या बाईची गोष्ट. त्या बाईचा नवरा मिठागरातच साप चावून मरतो. बाईचं सगळं बोलणं आमच्या बोलीतलं, म्हणजे खरं तर त्याच्या मामीचं. माझ्या बायकोला त्याने वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मेल्या, मी सैपाक करतंय का तुझा पुस्तक भरतंय?" पण खूश झाली होती. आठ दिवस सगळ्या आळीला सांगत होती.

मग मास्तर आले. डोंबिवलीला राहायचे, शाळेत इंग्रजी शिकवून नुकतेच मोकळे झालेले. त्यांना ही कादंबरी इतकी आवडली की ते तिचं इंग्रजी करायला बसले. मुंबईचा एक प्रकाशक छापायला तयार होता, पण भाच्याची परवानगी पाहिजे होती. भाचा म्हणाला, "मास्तर, करा. पण एक सांगतो. ती माझी मामी आहे. इंग्रजी वाचणारा माणूस तिला हसला, तर पुस्तक छापायचं नाही."

मास्तर म्हणाले, "कबूल."

माणूस भला होता. धोतर, काळी टोपी, आवाज हळू. आमच्या ओटीवर बसून बायकोचं बोलणं ऐकायचे. ती त्यांना पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणायची. आमच्यात बापाला तू, सासऱ्याला तू, देवालाही तू. मास्तर पहिल्यांदा जरा दचकले, मग त्यांना ते गोड लागायला लागलं. चहा घ्यायचे, जेवायला मात्र थांबायचे नाहीत.

ती म्हणायची, "मास्तर, बोंबील नाय खानार, चिंबोरी नाय खानार, मंग आमचा बोलना तुला पचल कसा?"

"वहिनी, बोलणं शाकाहारी असतं," मास्तर म्हणायचे.

"माझा नाय," ती म्हणायची.

आमच्यापैकी इंग्रजी कोणालाच धड येत नव्हतं. भाच्याचं इंग्रजी कचेरीपुरतं. म्हणून तपासायला शेजारच्या ख्रिस्ती वस्तीतल्या एका बाईंना बोलावलं. त्या ठाण्याला शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आणि घरात आमच्यासारखंच बोलायच्या. माझ्या बायकोची त्यांच्याशी मैत्री, मासळी वाटून घेण्यातली.

मास्तरांनी नवरा मेल्याचं प्रकरण आधी आणलं. सगळं पुस्तक त्याच्यावर उभं होतं. त्यात ती बाई प्रेताशेजारी बसून नवऱ्याला म्हणते, "कं रं, अवरी घाई होती तुला? उघाडी उघडी टाकून गेलास. आता भरतीचा पानी आत आयला तं कोन बघल?" उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात आत-बाहेर करायचं दार.

बाईंनी कागद हातात घेतला, चार ओळी वाचल्या आणि फसकन हसल्या. लगेच तोंडावर पदर घेतला.

"कनाला हसलीस गो?" बायकोने विचारलं.

"तुला नाय गो हसली," बाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, ही मिठागरावरची नाही. ही विलायतेतल्या खेड्यातली गवळण झालीय. शब्द अर्धे तोडलेत, स्पेलिंगं मोडलीत. नाटकात मोलकरीण असते ना, हसवायला आणलेली, ती अशी बोलते."

मास्तर म्हणाले, "पण मूळ भाषा प्रमाण नाही. ते कळायला नको का? तिकडच्या खेडुतांची भाषा घेतली मी."

"तिकडचा खेडूत आला की तिकडचं शेत येतं. आणि शब्द मोडका दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, बाईला अक्कल नाही."

भाच्याचे कान लाल झाले होते. मास्तरांनी कागदांची घडी केली आणि म्हणाले, "पुन्हा करतो."

महिन्याभराने पुन्हा आले. या वेळी बाई हसल्या नाहीत. वाचत गेल्या, वाचत गेल्या आणि मध्येच त्यांनी जांभई दिली.

"काय झालं?" मास्तर घाबरून म्हणाले.

"व्याकरण उत्तम आहे. पण नवरा मेलाय आणि बाई भाषण करतेय. पाद्री चर्चमध्ये बोलतो तसं. ही तर कलेक्टरची बायको वाटते."

माझी बायको ओटीच्या कोपऱ्यात मासळी साफ करत होती. म्हणाली, "मंग कलेक्टरच्या बायकोला फावरा दे आन् उतरव मिठात. दोन दिसांत बोलाला शिकल."

सगळे हसले, भाचा सोडून. तो म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. पहिल्या खेपेला मामी खुळी झाली, दुसऱ्या खेपेला लाकडाची झाली. राहू द्या हे पुस्तक."

मास्तरांचा चेहरा पडला. वर्षभर राबले होते बिचारे. माझी बायको भाच्यावर उखडली, "ए, त्याला कनाला तोडतंस? तुला येतंय का इंग्रजी? नाय ना? मंग गप." पण भाचा हलला नाही. मास्तर त्या दिवशी चहा न घेता गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा मेव्हणा गेला. बायकोचं माहेर कोपरचं, डोंबिवलीपासून चालत जाण्याइतकं. तिचा हा पाठचा भाऊ. ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत संपला. आम्ही पोचलो तर मास्तर तिथे आलेले. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. अंगणात एका बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते.

आमच्यात बाई प्रेताजवळ बसली की बोलते. मेलेल्याशी बोलते, आणि रोजच्यासारखंच बोलते. माझी बायको भावाच्या डोक्याशी बसली आणि सुरू झाली. "ऊठ रं. होरी कोन ओढल? मना सांगलास, आयतवारी निवटं घेऊन येतंय. कुठं गेलं निवटं? मी वाटन वाटून ठेवलाय. खोटा बोललास. लहान होतास तवा पन खोटाच बोलायचास." होडीला आम्ही होरी म्हणतो, आणि निवटे म्हणजे चिखलातले मासे. हे सगळं ती एका दमात म्हणत नव्हती. एक बोलायची, थांबायची, त्याच्या तोंडाकडे बघायची, जसं काही तो उत्तर देईल. मग पुढचं. म्हाताऱ्या बायका मधूनमधून म्हणत होत्या, "बोल गो, बोल त्याला."

मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी त्याला रागावतायत?"

"भाऊ आहे तिचा," मी म्हटलं. "मग काय आरती म्हणेल?"

मास्तर अंत्ययात्रेत शेवटपर्यंत आले, खाडीपर्यंत चिखलातून चालले. परतताना त्यांनी मला धरलं. म्हणाले, "तिथे एवढी माणसं होती. तिच्या बोलीकडे कोणाचं लक्ष होतं का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "बोलीकडे कशाला असेल? तिच्याकडे होतं."

"तेच," मास्तर म्हणाले. "मी आजवर बोली ऐकत बसलो. बाई ऐकलीच नाही. तिथे ती वेगळं बोलत नव्हती. सगळे तसंच बोलत होते. वेगळा बोलणारा तिथे मी एकटा होतो."

तिसऱ्यांदा आले तेव्हा आधी त्यांनी काय केलं ते समजावून सांगितलं. एकही स्पेलिंग मोडलं नाही. विलायतेचं खेडं काढून टाकलं. गावातल्या माणसांना साधे, लहान, रोजचे शब्द दिले आणि बाई जिथे थांबते तिथे वाक्य थांबवलं. 'गो', 'रं', 'बाय' तसेच ठेवले, कारण ते कोण कोणाला म्हणतो हे वाचणाऱ्याला दोन पानांत समजतं. शिव्या सौम्य केल्या नाहीत. आणि कादंबरीत मिठाचा इन्स्पेक्टर येतो, तो पुस्तकी मराठी बोलतो, त्याला मात्र लांबलचक, कचेरीतलं इंग्रजी दिलं. म्हणजे त्या पानांत अवघडल्यासारखा वाटेल तो इन्स्पेक्टर. गावची माणसं आपल्या घरी असल्यासारखी बोलतील.

बाईंनी आधी इन्स्पेक्टरचं पान मोठ्याने वाचलं, मग ते प्रेताशेजारचं.

बायको कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "इनस्पेक्टर कवा दम घेतंय का नाय? माझी बाय बघ कशी थांबतंय."

बाई वाचता वाचता थांबल्या. कागद मांडीवर ठेवला आणि वर बघेनात. भाच्याला धीर निघेना. "काय झालं? हसू आलं का?"

बाई म्हणाल्या, "माझा बाप मेला तवा आय अशीच बोलली होती." मग त्यांनी ते इंग्रजी ओळीओळीने आमच्या बोलीत परत करून सांगितलं. उघाडीचं, भरतीचं, घाईचं. दोन-तीन ठिकाणी शब्द वेगळा पडला, पण बाई तीच होती. "उघाडीला इंग्रजीत नुसतं दार म्हटलंय," बाई म्हणाल्या. मास्तरांनी विचारलं, "बदलू?" बायकोनेच उत्तर दिलं, "राहू दे. दारच हाय ता."

भाचा मास्तरांच्या पाया पडला. "द्या मुंबईला," म्हणाला. मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

बायकोने बाईंना विचारलं, "साहेबाची बायको हा वाचल तं हसल?"

"नाय हसणार."

"रडल?"

"रडेल बहुतेक."

"मंग तिला कलव," बायको म्हणाली, "मी अजून जित्ती हाय आन् माझा दादला पन जित्ता हाय. ता बघ, चहाची वाट बघतंय."

दादला म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघून हसले, मास्तरसुद्धा. ते हसू मला चाललं.

पुस्तक छापून आलं, घरात आहे. त्यात नवरा मेलेला आहे आणि बायको त्याच्याशी भांडते. आमचं उलटं झालं. पावसाळ्यात तिला अंगणात ठेवली तेव्हा बायका मला म्हणाल्या, "बोल रं, बोल तिला." पुरुष तसं बोलत नाहीत आमच्यात. तरी मी बसलो तिच्या डोक्याशी. म्हटलं, "तूच बोल. मला कुठे येतंय?"